ई-तिकिटावर टीसी कोणतं ओळखपत्र मानतो, आणि फक्त मोबाईलमधला फोटो असेल तर?

प्रश्न: आम्ही चौघं स्लीपरने पुण्याहून नागपूरला जातोय. ई-तिकीट कन्फर्म आहे, चौघांचं एकच पीएनआर. सगळ्यांची कार्डं घरी राहिली, माझ्या आधारचा फोटो तेवढा व्हॉट्सॲपवर आहे. टीसीला तो चालेल का? मुळात कोणकोणती ओळखपत्रं चालतात?

उत्तर: तो फोटो चालणार नाही. पण हातात फोन आहे आणि गाडी सुटायला अर्धा तास आहे एवढ्यावरही यातून मार्ग निघतो, कारण चौघांपैकी एकाचंच ओळखपत्र पुरतं.

बहुतेकांचा गोंधळ इथे होतो की तिकीट मोबाईलवर दाखवलं तर चालतं, मग आधार का नाही. तिकिटाची प्रत टीसीला खरं तर लागतच नाही. तुमचा पीएनआर, नाव, वय, डबा, बर्थ हे सगळं त्याच्या हातातल्या मशीनवर किंवा चार्टवर आधीच आहे. म्हणून आयआरसीटीसीचा एसएमएस दाखवला तरी भागतं, प्रिंट काढायची गरज नाही. ‘बर्थवर बसलेला माणूस चार्टमधलाच आहे का’ हे मात्र चार्ट सांगू शकत नाही, ते ओळखपत्रानेच कळतं. गॅलरीतला फोटो कोणीही कोणालाही पाठवू शकतो, त्यातलं नाव बदलणंही अवघड नाही. दुसऱ्याच्या नावाचं तिकीट विकत घेऊन प्रवास करणाऱ्याला पकडण्यासाठीच ही तपासणी असते, आणि तिकिटासोबत कार्डाचा फोटो पाठवणं तर सगळ्यात सोपं. म्हणून नियमात शब्द आहे ‘मूळ ओळखपत्र’. झेरॉक्सही याच कारणाने चालत नाही.

आता मूळ म्हणजे काय काय. निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, पॅन कार्ड, आरटीओचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि आधार ही नेहमीची पाच. त्याशिवाय केंद्र किंवा राज्य सरकारचं, सरकारी कंपनीचं, जिल्हा प्रशासन, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचं फोटो आणि अनुक्रमांक असलेलं ओळखपत्र चालतं. मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजचं फोटोचं ओळखपत्र त्या विद्यार्थ्यासाठी चालतं. राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो असलेलं पासबुक चालतं, आणि ज्या क्रेडिट कार्डावर स्वतःचा फोटो लॅमिनेट केलेला असतो तेही यादीत आहे, पण अशी कार्डं आता क्वचितच दिसतात.

या यादीत लोक दोन गोष्टी हमखास चुकीच्या धरतात. खाजगी कंपनीचं आयकार्ड यादीत नाही, मग कंपनी कितीही मोठी असो. आणि पासबुक म्हणजे कुठल्याही बँकेचं नव्हे, राष्ट्रीयीकृत बँकेचं, तेही फोटोसकट. उलट कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या बॅगेतलं आयकार्ड लोकांना आठवतच नाही. तुमच्या चौघांत कोणी विद्यार्थी असेल तर आधी त्याची बॅग उघडा. बऱ्याचदा प्रश्न तिथेच संपतो.

फोनवरचं ओळखपत्र कधी चालतं? रेल्वेने दोन वाटा स्पष्टपणे मान्य केल्या आहेत. 2017 मध्ये एम-आधार मान्य झालं, अट एवढीच की प्रवाशाने टीसीसमोर स्वतः पासवर्ड टाकून ॲप उघडून दाखवावं. 2018 मध्ये डिजिलॉकरमधलं आधार आणि ड्रायव्हिंग लायसन्स मान्य झालं. त्याही परिपत्रकात एक भेद नीट लिहिलेला आहे: डिजिलॉकरच्या `Issued Documents` या भागातलं कागदपत्र ग्राह्य, आणि तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेलं, म्हणजे `Uploaded Documents` मधलं, अग्राह्य. पहिल्या भागातलं कागदपत्र थेट आधार प्राधिकरणाकडून किंवा परिवहन खात्याकडून आलेलं असतं, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2016 च्या डिजिटल लॉकर नियमांत (नियम 9अ) त्याला मूळ प्रतीचा दर्जा आहे. दुसऱ्या भागातलं म्हणजे तुमच्या गॅलरीतला फोटोच, फक्त जागा बदललेला. कित्येकजण कार्डाचा फोटो काढून डिजिलॉकरमध्ये ठेवतात आणि निर्धास्त होतात. ॲपही तेच, लोगोही तोच, म्हणून फरक लक्षात येत नाही. टीसी मात्र कागदपत्र कोणत्या भागात आहे तेच बघतो. डिजिलॉकरचा स्क्रीनशॉटही याच कारणाने निरुपयोगी.

तिसरी वाट ई-आधारची. आधारच्या संकेतस्थळावरून उतरवलेली पीडीएफ म्हणजे आधारच, तिची झेरॉक्स नव्हे. ती कागदावर छापून घेतली की नेट आणि बॅटरी दोन्हीची चिंता मिटते. स्टेशनबाहेर प्रिंटचं दुकान उघडं असेल तर माझी पहिली पसंती हीच.

आता तुमच्या चौघांचं उदाहरण धरून क्रमाने बघू. पहिला प्रश्न ‘कोणाचं आधार आणायचं’ हा. तुमचंच हवं असं नाही. चौघांपैकी ज्याच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर आत्ता चालू आणि हाताशी आहे, तो माणूस शोधा, कारण पुढची प्रत्येक पायरी त्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीवर अडते. खरी गाडी अडते ती इथेच. कार्ड काढताना दिलेला नंबर दहा वर्षांपूर्वी बंद झालेला असतो, किंवा आईच्या आधारला घरी राहिलेल्या भावाचा नंबर जोडलेला असतो. दुसऱ्या बाबतीत अडचण नाही, भावाला फोन लावून ठेवा आणि ओटीपी आला की लगेच वाचून घ्या.

पीडीएफ हवी असेल तर `myaadhaar.uidai.gov.in` वर जाऊन आधार क्रमांक, कॅप्चा आणि ओटीपी टाकला की ती उतरते. ती पासवर्ड मागते. नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं साल, हा तो पासवर्ड. नाव SUNITA आणि साल 1968 असेल तर `SUNI1968`. प्रिंटच्या दुकानात फाईल उघडत नाही म्हणून लोक घाबरतात, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. क्रमांक पाठ नसेल तर तुमचा व्हॉट्सॲपवरचा तो फोटो इथे उपयोगी पडेल.

प्रिंटची सोय नसेल तर डिजिलॉकर. मोबाईल नंबरने खातं उघडा, सहा आकडी पिन ठरवा, आधार क्रमांक देऊन ओटीपीने खातं जोडा. मग `Issued Documents` मध्ये आधार आलेलं दिसलं की काम झालं. लायसन्स हवं असेल तर त्याचा क्रमांक टाकून ते परिवहन खात्याकडून मागवावं लागतं, आणि लायसन्सवरचं नाव आधारशी जुळलं नाही तर ते येत नाही. म्हणून घाईत आधारच घ्या.

हे सगळं फलाटावर करा, गाडीत नाही. गाडी वेगात असताना नेटवर्क येतं-जातं, ओटीपी अर्ध्या वाटेत अडकतो, आणि नेमक्या त्याच वेळी टीसी समोर उभा असतो. टीसी आला की ॲप त्याच्यासमोर उघडा, पिन टाका, `Issued Documents` मध्ये जा आणि तिथून आधार दाखवा. आधीच उघडून ठेवलेलं एखादं चित्र पुढे करू नका, कारण तो मोबाईलवरचा फोटो आहे की चालू ॲप हे त्याला कळलं पाहिजे.

‘एकाचं पुरतं’ या सवलतीच्याही मर्यादा आहेत. ओळखपत्र त्याच पीएनआरवरच्या, प्रत्यक्ष प्रवास करणाऱ्या माणसाचं हवं. तिकीट ज्याच्या खात्यातून काढलं तो घरी असेल तर त्याचं ओळखपत्र काही कामाचं नाही. खातं आधारने प्रमाणित आहे हेही गाडीत चालत नाही, ती अट तिकीट काढण्यापुरती. दहाजणांचा गट असेल तर तिकिटं किमान दोन निघतात, कारण एका तिकिटावर सहाच नावं बसतात, तत्काळमध्ये चारच. मग प्रत्येक पीएनआरला वेगळं ओळखपत्र लागतं. बर्थ वेगवेगळ्या डब्यांत विखुरले असतील तर ज्याच्याजवळ कार्ड आहे त्याचा डबा आणि बर्थ क्रमांक बाकीच्यांना पाठ असू द्या, कारण डब्यांप्रमाणे टीसीही वेगळा असू शकतो. आणि कार्डवाला भुसावळला उतरणार असेल तर पुढे अकोला, बडनेऱ्याकडे जाणाऱ्यांजवळ स्वतःचं काहीतरी असायलाच हवं.

नावाचंही थोडं बघून घ्या. तिकिटावर ‘बंटी’ आणि आधारवर ‘अनिकेत’ असेल तर ओळखपत्र असूनही वाद होतो. मधलं नाव नसणं किंवा आडनावाचं शेपूट कापलं जाणं यावरून सहसा कोणी अडवत नाही, टीसी चेहरा, पहिलं नाव आणि वय यांचा मेळ बघतो.

काहीच दाखवता आलं नाही तर नियम कडक आहे. त्या पीएनआरवरचे सगळे प्रवासी विनातिकीट धरले जातात, फक्त एक नव्हे. रेल्वे कायद्याच्या कलम 138 प्रमाणे भाडं, आणि वर तेवढीच रक्कम किंवा 250 रुपये यांतलं जे जास्त असेल ते, असं प्रत्येकी द्यावं लागतं. समजा एकाचं भाडं 400 रुपये धरलं, तर एकाचे 800 आणि चौघांचे 3200 होतात. भाडं 150 असतं तर एकाचे 400 झाले असते. तिकिटाला आधी मोजलेले पैसे यातून वजा होत नाहीत. पैसे दिले तर पावती घ्याच, पावतीशिवाय दिलेल्या पैशाने तुमचा प्रवास नियमित होत नाही आणि पुढच्या टप्प्यावर दुसरा टीसी चढला की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. उलट डिजिलॉकरमधलं `Issued Documents` खालचं आधार दाखवूनही कोणी नाकारलं, तर शांतपणे 2018 च्या परिपत्रकाचा उल्लेख करा आणि तरीही ऐकलं नाही तर तिथल्या तिथे 139 वर तक्रार नोंदवा. तक्रारीत पीएनआर, डबा आणि बर्थ क्रमांक सांगा.