फुटबॉल विश्वचषक: १३ संघांपासून ४८ पर्यंत, आणि मधली आकडेमोड

प्रश्न: "विश्वचषकात १३ संघांवरून ४८ संघ कसे झाले? आधी २४, मग ३२, आता ४८ असे आकडे का निवडले? आणि तीन-तीन संघांचे गट करायचे ठरले होते, ते का रद्द केले?"

पहिली दोन दशकं संघांची संख्या पद्धतीनं ठरत नव्हती, कोण येतं यावर ठरत होती. १९३० मध्ये उरुग्वेला बोटीनं जायला युरोपातले फक्त चार संघ तयार झाले, म्हणून एकूण १३ झाले. चारांचा एक आणि तिघांचे तीन असे गट पाडून १८ सामन्यांत स्पर्धा उरकली. १९३४ मध्ये १६ संघ आले, पण थेट बाद पद्धत ठेवली. त्यामुळे ब्राझील आणि अर्जेंटिना अटलांटिक ओलांडून इटलीत पोचले आणि एकेक सामना हरून परत गेले. १९५० मध्ये पुन्हा १३ च उरले, कारण काही संघांनी माघार घेतली. त्यांत आपणही होतो. स्वीडन, इटली आणि पराग्वेच्या गटात भारताची जागा होती, ती रिकामी राहिली आणि तो गट तिघांचाच झाला. १९५४ पासून १६ संघ आणि चारांचे चार गट हा साचा बसला, तो १९७८ पर्यंत टिकला.

वाढीचा खरा रेटा जागावाटपातून आला. १९६६ साठी आफ्रिका, आशिया आणि ओशनिया मिळून एकच जागा होती. आफ्रिकी देशांनी पात्रता फेरीवर बहिष्कार टाकला, तेव्हा १९७० पासून आफ्रिकेला स्वतःची एक जागा मिळाली. १९७४ मध्ये ब्राझीलचे जोआओ हॅवेलान्ज फिफाचे अध्यक्ष झाले, ते आशिया-आफ्रिकेच्या मतांवर आणि जागा वाढवण्याच्या आश्वासनावर. ते आश्वासन १९८२ मध्ये स्पेनमध्ये पुरं झालं: १६ चे २४ झाले.

इथं गणित आडवं येतं. बाद फेरीत दरवेळी निम्मे संघ गळतात, म्हणून तिथं ८, १६, ३२ असेच आकडे चालतात. १६ किंवा ३२ संघ असले की प्रत्येक गटातले पहिले दोन घ्या, हिशेब आपोआप जुळतो. २४ संघांचे सहा गट झाले की पहिले दोन मिळून १२ होतात, आणि १२ ची बाद फेरी नीट लागत नाही. १९८२ मध्ये या १२ जणांचे पुन्हा तिघा-तिघांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाचा विजेता उपांत्य फेरीत नेला. १९८६ मध्ये ते सोडून १२ मध्ये तिसऱ्या क्रमांकाचे चार सर्वोत्तम संघ मिळवले आणि १६ चा आकडा गाठला. सामने दोन्ही वेळा ५२ च झाले, पण दुसऱ्या पद्धतीत बल्गेरिया आणि उरुग्वे एकही सामना न जिंकता, दोन बरोबऱ्यांवर पुढे गेले.

१९८२ मध्येच गटातल्या वेळापत्रकाचा दोष सगळ्या जगानं पाहिला. आजचे बरेच नियम त्यातून आले आहेत, म्हणून तो हिशेब सविस्तर देतो. तेव्हा विजयाला दोन गुण होते. अल्जीरियानं पश्चिम जर्मनीला २-१ हरवलं, ऑस्ट्रियाकडून ०-२ हार खाल्ली आणि २४ जूनला चिलीला ३-२ हरवून आपले सामने संपवले. म्हणजे चार गुण आणि गोलफरक शून्य. दुसऱ्या दिवशी हिहॉनमध्ये जर्मनी-ऑस्ट्रिया सामना होता. ऑस्ट्रियाकडे चार गुण आणि अधिक तीन गोलफरक होता, जर्मनीकडे दोन गुण आणि अधिक दोन. बरोबरी झाली तर जर्मनी बाद. जर्मनी तीन गोलांनी जिंकली तर ऑस्ट्रियाचा गोलफरक शून्यावर येतो, आणि केलेले गोल कमी असल्यामुळे ऑस्ट्रिया बाद होण्याचा धोका. पण जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली की दोघंही पुढे आणि अल्जीरिया घरी. दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या रूबेशनं गोल केला. त्यानंतर सामना जवळपास थांबलाच. १-० वर संपला. एकही नियम मोडलेला नव्हता, म्हणून निकाल कायम राहिला. अल्जीरियावर झालेला हा अन्याय वेळापत्रकानं केला होता. १९८६ पासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात, ते यामुळे.

१९९८ मध्ये ३२ झाले आणि २०२२ पर्यंत राहिले. आठ गटांचे ४८ सामने आणि बाद फेरीचे १६, मिळून ६४. तिसऱ्या क्रमांकाची भानगडच नाही. माझ्या मते या स्पर्धेला मिळालेली ही सगळ्यात स्वच्छ रचना होती.

आता ४८. जानेवारी २०१७ मध्ये फिफानं तिघांचे १६ गट ठरवले. ४८ साखळी सामने आणि ३२ संघांच्या बाद फेरीचे ३२, एकूण ८०. कागदावर हे सुटसुटीत दिसतं, आणि विजेत्याला पूर्वीसारखेच सात सामने खेळावे लागले असते. पण तिघांच्या गटात एकाच वेळी दोनच संघ खेळू शकतात. तिसरा शेवटच्या दिवशी बाहेर बसलेला, आणि मैदानावरच्या दोघांना किती निकाल पुरेसा आहे हे नेमकं ठाऊक. म्हणजे हिहॉनची परिस्थिती सोळाच्या सोळा गटांत तयार होऊ शकली असती, आणि एकाच वेळी सामने लावण्याचा उपाय इथं लागूच होत नाही. बरोबरी झाल्यास गटसामन्यातही पेनल्टी शूटआउट घ्यावं असा विचार झाला, पण त्यानं मूळ दुखणं जात नव्हतं. २०२२ च्या कतारमधले गटांचे शेवटचे दिवस अटीतटीचे झाले, त्यानंतर मार्च २०२३ मध्ये रवांडातल्या किगालीत फिफानं निर्णय बदलला: चारांचे १२ गट.

किंमत सामन्यांच्या संख्येत मोजली गेली. १२ गटांचे ७२, बाद फेरीचे ३२, मिळून १०४. विजेत्याला आठ सामने. २०२६ साठी तीन देशांतली १६ मैदानं मात्र आधीच ठरली होती. आणि १९८६ चा जुना प्रश्न परत आला: पहिले दोन मिळून २४ होतात, ३२ साठी तिसऱ्या क्रमांकाचे आठ लागतात. १२ पैकी कुठल्या आठ गटांतून ते येतील याच्या ४९५ शक्यता आहेत, म्हणून कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता आधीच छापून ठेवावा लागतो.

एकाच वेळी सामने लावून न्याय होतो तो गटाच्या आत. वेगवेगळ्या गटांच्या तिसऱ्यांची तुलना मात्र वेगवेगळ्या दिवशी होते. अ गट २४ जूनला संपतो, शेवटचे गट २७ ला. उशिरा खेळणाऱ्याला नेमकं लक्ष्य दिसतं, आधी खेळणारा अंधारात असतो. २०१६ च्या युरो स्पर्धेत, सहातून चार म्हणजे याच प्रमाणात तिसरे घेत होते, तिथं अल्बानियानं १९ जूनला रुमेनियाला १-० हरवून तीन गुण केले आणि तीन दिवस इतरांचे निकाल पाहत २२ ला बाद झाली.

त्यामुळे गुणतक्ता वाचताना असं धरा: तिसऱ्या क्रमांकावर चार गुण असले तर संघ बहुधा पुढे गेला. तीन गुण असले तर सगळं गोलफरकावर. उणे दोन असेल तर आशा कमी, शून्य असेल तर चांगली. म्हणून बलाढ्य संघाविरुद्ध ०-२ मागे असताना तिसरा गोल न खाणं हेसुद्धा इथं पुढच्या फेरीचं काम असतं.

आशियाला आता आठ थेट जागा आहेत, तरी २०२६ साठी भारत पात्रतेच्या दुसऱ्याच फेरीत बाहेर पडला.