गहाण शेअर्सचा टक्का घटला, पण कर्ज फिटलं का?

प्रमोटरांकडे ५०% शेअर्स आहेत, पण त्यातले ६०% गहाण आहेत. धंदा बरा चाललाय, भाव २०० आहे. घ्यावा का? (तासगाव)

मी घेणार नाही. कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्यावर उचल घेतली आणि भाव पडला, की बँक म्हणते, आणखी माल ठेवा नाहीतर पैसे भरा. इथेही तेच होतं.

समजा कंपनीचे एकूण शेअर्स १० कोटी. म्हणजे प्रमोटरांचे ५ कोटी आणि गहाण ३ कोटी. त्यांची किंमत ६०० कोटी रुपये, आणि दुप्पट तारणाच्या अटीवर कर्ज ३०० कोटी. भाव १५० वर आला की तारण ४५० कोटींचंच उरतं. ते पुन्हा ६०० कोटींचं करायला आणखी १ कोटी शेअर्स ठेवावे लागतात. १२० वर प्रमोटरांचे सगळे ५ कोटी अडकतात. त्याखाली भाव गेला आणि रोख रक्कम नसेल, तर सावकार शेअर्स बाजारात विकतो. त्या विक्रीनेच भाव आणखी पडतो. बाजार मंदीत असला की धंदा बरा असूनही भाव ४०% घसरू शकतो.

प्रमोटरांच्या हिश्शाच्या ५०% किंवा एकूण भांडवलाच्या २०% शेअर्स गहाण असतील, तर सेबीच्या २०१९च्या नियमानुसार सविस्तर कारण जाहीर करावं लागतं. ते जरूर वाचा. पैसा प्रमोटरांच्या दुसऱ्याच उद्योगात गेला असेल, तर तिथलं नुकसान या शेअरवर येऊन आदळतं.

मागच्या तिमाहीत गहाण ६०% होतं, आता ५०% आहे. सुधारणाच ना? (मिरज)

इथेच लोक फसतात. वरच्याच उदाहरणात सावकाराने गहाणातले १ कोटी शेअर्स विकले असं धरा. प्रमोटरांकडे उरले ४ कोटी, त्यातले गहाण २ कोटी. झाले ५०%! टक्का सुधारल्यासारखा दिसतो, पण प्रमोटरांचा हिस्सा ५० वरून ४०% झालेला असतो. म्हणून दोन तिमाहींचे शेअरहोल्डिंग पॅटर्न शेजारी ठेवून शेअर्सची संख्या ताडून बघा. कर्ज फेडून सोडवले असतील, तर प्रमोटरांच्या शेअर्सची एकूण संख्या तेवढीच राहते. शिवाय गहाण सुटलं की सावकाराने ताब्यात घेतलं, याची नोंद शेअर बाजाराकडे जाहीर होते. त्यात रिलीज आहे की इन्व्होकेशन, ते पाहा.

गहाण शून्य असेल तर निर्धास्त राहावं? (विश्रामबाग, सांगली)

नाही. सत्यमच्या प्रमोटरांचे शेअर्स गहाण होते, पण २००९च्या जानेवारीत घोटाळा उघड होईपर्यंत ते जाहीर करण्याची सक्तीच नव्हती. ती त्यानंतर आली. आज गहाण शून्य असलं तरी प्रमोटर हळूहळू विकत असू शकतात. हिस्सा घटला आणि प्रमोटरांच्या शेअर्सची संख्या तीच असेल, तर कंपनीने नवे शेअर्स काढलेत. तो पैसा कुठे लागला ते बघा. संख्याच घटली असेल, तर माल प्रमोटरांच्या हातून गेलाय. मग कुणी, कधी आणि कोणत्या भावाला विकला, हे कळेपर्यंत मी खरेदी करत नाही.