स्क्रीनवर फीड रेट बरोबर, पण मालात फिलर कमी-जास्त: दोष पीआयचा की वजनाचा?

प्रश्न: आमच्या प्लास्टिक कंपाउंडिंग लाईनवर कॅल्शियम कार्बोनेटसाठी लॉस-इन-वेट फीडर आहे, म्हणजे लोड सेलवर बसवलेला हॉपर आणि त्याखाली माल ढकलणारा स्क्रू. सेटपॉइंट ताशी १२० किलो, लाईन ताशी ४०० किलो, म्हणजे फिलर ३० टक्के. स्क्रीनवर रेट अर्ध्या टक्क्याच्या आत दिसतो, पण दाणा जाळून राख मोजली की फिलर २८ ते ३२ टक्के फिरतो. स्क्रूचा वेग सावरणाऱ्या पीआय लूपच्या सेटिंग बदलून पाहिल्या, फरक नाही. लूप कसा ट्यून करू? की सरळ बेल्ट वे फीडर घेऊ?

उत्तर:

पीआयला सध्या हात लावू नका. जुनी व्हॅल्यू लिहून ठेवली असेल तर ती परत टाका. स्क्रीनवरचा रेट म्हणजे बाहेर पडणाऱ्या पावडरचं मोजमाप नाही. हॉपरचं वजन किती वेगानं उतरतंय, त्यावरून कंट्रोलरनं केलेला तो हिशेब आहे. त्या वजनात पावडरीशिवाय दुसरं काही मिसळलं तर कंट्रोलर चुकीचा आकडा इमानदारीने १२० वर आणून ठेवतो. स्क्रीन छान दिसते आणि माल बिघडतो.

म्हणून पहिलं काम एवढंच: बिघाड किती वेळाने परत येतो ते शोधा. एका रिफिलपासून पुढच्या रिफिलपर्यंत दर ३० सेकंदांनी दाण्याचा नमुना घ्या आणि पिशवीवर वेळ लिहा. पावडर फीडरमधून निघून दाणा होईपर्यंत जो वेळ जातो, तो वजा करायला विसरू नका. चढ-उतार रिफिलच्या तालावर येत असेल तर दोष रिफिलमध्ये आहे. दर दोन-चार सेकंदांचा असेल तर तो स्क्रूच्या फेऱ्याचा. २० आरपीएमला एक फेरा ३ सेकंदांचा होतो आणि सिंगल स्क्रू प्रत्येक फेऱ्याला थोडा ढकलत-थांबत माल टाकतो. हा फरक ३० सेकंदांच्या नमुन्यात दिसणारच नाही आणि एक्सट्रूडर तो बऱ्यापैकी मिसळूनही टाकतो. तुमची लक्षणं मला रिफिलची वाटतात. का ते सांगतो.

समजा हॉपर १६ किलोवर आला की रिफिल सुरू होतो आणि ४० किलोवर थांबतो. मिनिटाला २ किलो जातात, म्हणजे २४ किलो १२ मिनिटांत संपतात. रिफिलची १५-२० सेकंदं आणि नंतर माल बसायची तेवढीच, मिळून साधारण ३५ सेकंद वजन वापरता येत नाही. या काळात कंट्रोलर व्हॉल्युमेट्रिकमध्ये जातो, म्हणजे स्क्रूचा वेग आहे तसा धरून ठेवतो. पण हा वेग कमी भरलेल्या हॉपरसाठी ठरलेला असतो. वरून २४ किलो पडल्यावर स्क्रूपाशी पावडर दाबली जाते आणि प्रत्येक फेऱ्याला जास्त माल निघतो. हा फरक ८ टक्के धरला तर त्या ३५ सेकंदांत ताशी १३० किलोच्या आसपास जातात आणि दाण्यात फिलर ३१.६ टक्के होतो. जास्तीचा माल जेमतेम ९० ग्रॅम, त्यामुळे शिफ्टच्या टोटलमध्ये तो कुणाच्या नजरेत येत नाही.

हा झाला वरचा ३२. खालचा २८ कुठून येतो, ते बहुतेक लोक शोधतच नाहीत.

रिफिलमध्ये पावडर आत येते तेव्हा तेवढीच हवा बाहेर जावी लागते. व्हेंटची फिल्टर पिशवी बारीक धुळीनं चोंदली असेल तर हॉपरमध्ये थोडा दाब साठतो. हॉपरच्या झाकणाला जिथे लवचिक बूट, म्हणजे जोडणीची मऊ बाही, जोडलेला असतो, तिथे हॉपरला स्वतःचं छप्पर नसतं. तेवढ्या क्षेत्रफळावरचा दाब खालच्या बाजूला शिल्लक राहतो आणि लोड सेलला हॉपर जड भासतो. बूटाचा व्यास २०० मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर. १ मिलिबार म्हणजे १०० पास्कल, म्हणून बल ३.१४ न्यूटन, म्हणजे सुमारे ३२० ग्रॅम.

तुम्हाला पूर्ण मिलिबारची गरजही नाही. रिफिलनंतर फक्त ०.३ मिलिबार, म्हणजे पाण्याचा ३ मिलिमीटर स्तंभ, एवढा दाब उरला आणि तो पुढच्या ३० सेकंदांत हळूहळू उतरला, तर वजन पावडरीखेरीज आणखी ९६ ग्रॅमने घटल्यासारखं दिसतं. त्याच ३० सेकंदांत खरी पावडर जाते १००० ग्रॅम. कंट्रोलर तोवर ग्रॅव्हिमेट्रिकमध्ये, म्हणजे वजनावरून वेग ठरवण्यावर, परत आलेला असतो. त्याला रेट साडेनऊ टक्के जास्त वाटतो, तो स्क्रू हळू करतो, स्क्रीनवर १२० येतात आणि प्रत्यक्षात पडतात साधारण १०८.५ किलो. दाण्यात फिलर: २७.९ टक्के. तुमचा आकडा.

हे तपासायला अर्धा तास पुरतो. हॉपर अर्धा भरलेला ठेवा, स्क्रू बंद, रिफिलचा व्हॉल्व्ह बंद. वजनाचा आकडा ग्रॅममध्ये स्क्रीनवर आणा. आता डस्ट कलेक्टर चालू-बंद करा. त्याची पल्सिंग होताना बघा. एक्सट्रूडर चालू असेल तर त्याच्या थ्रोटमधून, म्हणजे माल आत पडायच्या तोंडातून, वर येणारी वाफ-हवा काय करते तेही बघा. वजन ५-१० ग्रॅमच्या वर हललं तर वजनात हवा मिसळते आहे. मग स्क्रू बंद ठेवूनच एक रिफिल हाताने द्या आणि व्हॉल्व्ह बंद झाल्यावर मिनिटभर वजन बघत राहा. स्क्रू थांबलेला असताना वजन उतरत गेलं तर बहुधा व्हेंट दोषी आहे. बूटही चिमटीत धरून पाहा. तो ताणलेला नको, पिळलेला नको आणि आत पावडर साचून कडक झालेला तर मुळीच नको. जुन्या बूटाला पाना टेकला तरी कागदावर काढल्यासारखा वजनाचा उडी मारलेला ट्रेंड दिसतो.

दुरुस्तीचा क्रम मी असा ठेवीन. आधी फिल्टर पिशवी बदला आणि डस्ट कलेक्टरची जोरदार ओढ थेट हॉपरवर येत असेल तर ती तोडा. हॉपरला मोकळा श्वास हवा, सक्शन नको. मग रिफिल लहान करा: २४ किलोवर सुरू, ३२ वर बंद. ८ किलो चार मिनिटं चालतात, रिफिल सहा-आठ सेकंदांत उरकतो. आंधळा काळ टक्केवारीत जवळपास पूर्वीएवढाच राहतो, तो काही कमी होत नाही. पण २४ आणि ३२ किलोच्या घनतेत फरक थोडाच असल्यामुळे त्या काळातली चूक लहान होते. बारीक कार्बोनेट उंचावरून एकदम पडलं की हवेनं फुलून पाण्यासारखं स्क्रूतून वाहून जातं, तोही धोका घटतो.

त्यानंतर कंट्रोलरच्या मेन्यूत रिफिलच्या काळात वेग सुधारण्याची सोय आहे का बघा. त्यात प्रत्येक वजनपातळीला एका फेऱ्यात किती माल निघतो, याची नोंद कंट्रोलर हॉपर उतरताना करतो आणि रिफिलमध्ये हॉपर चढताना त्या नोंदीनुसार स्क्रू हळू करतो. ही सोय अनेक कंट्रोलरमध्ये असते आणि बंद पडून असते. पण व्हेंट आधी दुरुस्त करा, नाहीतर चुकीच्या वजनावरून चुकीचाच तक्ता तयार होईल.

ट्यूनिंग सगळ्यात शेवटी. सेकंदाला ३३ ग्रॅम जातात. वजनात १० ग्रॅमचा गोंगाट असेल तर एका सेकंदाच्या हिशेबाला काही अर्थ उरत नाही, ३० सेकंदांच्या उतारावर मात्र तो नगण्य होतो. म्हणून कंट्रोलरमधला वजनाचा फिल्टर लांब आणि पीआयचा इंटिग्रल संथ हवा. वेगाचा मुख्य अंदाज सेटपॉइंट भागिले फेऱ्यामागचा माल असा थेट येतो, पीआयला फक्त उरलेली चूक हळूहळू भरायची असते. ट्रेंडवर रेट सेटपॉइंटला चिकटलेला आणि स्क्रूचा आरपीएम मात्र सतत नाचतोय, असं दिसलं तर लूप गोंगाटामागे धावतोय. चांगल्या लूपमध्ये आरपीएमची रेघ शांत असते. मी तरी रेटच्या रेघेपेक्षा आरपीएमची रेघच आधी बघतो.

आता बेल्ट वे फीडर. त्याला रिफिलचा आंधळा काळ नाही, पण शून्याचा आजार आहे. लॉस-इन-वेट फक्त वजनातला फरक बघतो, त्यामुळे हॉपरला चिकटून बसलेली पावडर त्याला त्रास देत नाही. बेल्ट फीडर बेल्टवरचं प्रत्यक्ष वजन वेगाने गुणतो, त्यामुळे बेल्टला चिकटलेला प्रत्येक ग्रॅम तो गेलेला माल म्हणून मोजतो.

सिमेंट मिलचा जिप्सम फीडर घ्या: मिल ताशी १५० टन, जिप्सम ५ टक्के म्हणजे ताशी साडेसात टन. बेल्टवर मीटरला २० किलो, वेग सेकंदाला १०.४ सेंटिमीटर. पावसाळ्यात ओला जिप्सम बेल्टवर थर धरतो. मीटरला अर्धा किलो चिकटला की अडीच टक्के, म्हणजे ताशी १८७ किलो जिप्सम कमी जातो. स्क्रीनवर साडेसात टनच, प्रयोगशाळेत मात्र सिमेंटचा एसओ-थ्री, म्हणजे सल्फेटचं माप, उतरायला लागतो. इथे घोळ असा होतो की स्टॉक जुळत नाही म्हणून कुणीतरी स्पॅन, म्हणजे वजनाला गुणायचा आकडा, बदलतो. आकडा त्या लोडला जुळतो आणि लोड बदलला की पुन्हा चुकतो. आधी स्क्रेपर बघा, बेल्ट साफ करा, रिकामा चालवून शून्य घ्या, तेही पूर्ण फेऱ्यांवर. ६ मीटरचा बेल्ट या वेगाने एका फेऱ्याला ५८ सेकंद घेतो. मध्येच थांबवलेलं शून्य सांध्याच्या जाडीमुळे चुकतं. तीन फेरे घ्या. स्पॅन तपासायचा तो माल ट्रकमध्ये घेऊन वजनकाट्यावर. काटा १० किलोचा टप्पा दाखवत असेल तर निदान ५ टन माल घ्या, म्हणजे इथे ४० मिनिटं.

बेल्ट फीडरच्या लूपमध्ये एक जागा हमखास चुकते. वजन घेतलं जातं तिथून माल पडायच्या टोकापर्यंत १.२ मीटर असेल तर साडेअकरा सेकंद लागतात. कंट्रोलरने वजन तेवढं मागे ठेवून, तो तुकडा टोकाला पोचताना वेग बदलला पाहिजे. हा उशीर सेकंदांत नाही, बेल्टच्या अंतरात भरायचा, कारण वेग बदलला की सेकंद बदलतात. वेगाचा एन्कोडर शेपटीच्या पुलीवर लावा. ड्राइव्ह पुलीवर बेल्ट घसरला तरी मोटर फिरतेच, आणि मोटरवरचा एन्कोडर न गेलेला मालही मोजतो.

तुमच्या १२० किलोसाठी मी फीडर बदलणार नाही. बारीक कार्बोनेट उघड्या बेल्टवर उडेल, आणि इतक्या कमी रेटला बेल्टवरचा थर इतका पातळ असेल की थोडी चिकटलेली पावडरही टक्क्यांमध्ये चूक देईल. आज स्क्रू थांबवून एक रिफिल द्या आणि मिनिटभर वजनाचा आकडा कसा हलतो ते इथे लिहा, बूटाच्या व्यासासकट.