फोन हरवल्यावर आधी सिम बंद करू की लोकेशन शोधू?

«काल सीबीएसवर बसमध्ये चढताना अँड्रॉइड फोन गेला. रिंग वाजतेय. आधी सिम बंद करू का?»

रिंग वाजतेय तोवर सिमला हात लावू नका. सिम बंद झालं की फोनचं इंटरनेट जातं, मग लॉक किंवा इरेजचा आदेश त्याच्यापर्यंत पोचत नाही.

गेल्या वर्षी रविवार कारंजावर मावशीचा फोन गेला, तेव्हा मी माझ्या फोनवर google.com/android/find उघडून तिचं खातं टाकलं. ठिपका पंचवटीकडे सरकत होता. लगेच लॉक केलं, स्क्रीनवर माझा नंबर टाकला. दहा मिनिटांत फोन आला नाही, म्हणून इरेज दिलं. इरेज झाल्यावर ठिपका कायमचा जातो, त्यामुळे ते शेवटी. ठिपका दिसला तरी एकटे मागे जाऊ नका, पोलिसांना दाखवा.

मग लगेच कंपनीला सांगून सिम बंद केलं. यात उशीर नको, कारण सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की बँकेचे ओटीपी तिकडे जातात.

शेवटी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करायचा. पोलीस तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र घेऊन ceir.sancharsaathi.gov.in या सरकारी साइटवर ब्लॉकची विनंती टाका. ओटीपी त्याच नंबरच्या नव्या सिमवर येतो, आणि नव्या सिमवर एसएमएस साधारण 24 तासांनी सुरू होतात. आम्ही तासभर उगाच वाट बघत बसलो होतो! खोक्यावरचे दोन्ही आयएमईआय भरा. फोन सापडला तर तिथूनच अनब्लॉक होतो.