पहिला आयर्न सेट: रेग्युलर घ्यावा की स्टिफ, आणि लोफ्ट किती?

प्रश्न: पुण्यात नुकतंच गोल्फ शिकायला लागलोय. कोचच्या ७ आयर्नने चांगला बसलेला बॉल साधारण १२५ यार्ड जातो. पहिल्या सेटला शाफ्ट रेग्युलर घेऊ की स्टिफ? लोफ्ट किती?

उत्तर: रेग्युलर घ्या, आणि ७ आयर्नचा लोफ्ट ३१ ते ३३ अंशांच्या आसपास असलेला सेट बघा. १२५ यार्डांना स्टिफ शाफ्ट नीट वाकत नाही. उजव्या हाताने खेळत असाल तर बॉल खाली राहून उजवीकडे सरकतो. लोफ्टकडे मात्र दुकानात कोणी लक्षच देत नाही. हल्लीच्या बऱ्याच सेटमध्ये ७ आयर्न २८ अंशांचा असतो. तो ताकदीने मारणाऱ्याला लांब जातो, पण तुमच्या वेगाला बॉल पुरेसा उंच चढत नाही आणि ग्रीनवर पडून पुढे पळत सुटतो. शिवाय अशा सेटचा पिचिंग वेज ४३ अंशांवर येतो. सँड वेज ५६ चा, म्हणजे मध्ये १३ अंशांची पोकळी! मग ४९-५० अंशांचा आणखी एक वेज घ्यावाच लागतो, तो खर्च आधीच धरा. सेट घेण्याआधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा लोफ्टचा तक्ता बघाच, क्लबवरच्या ७ या आकड्यावरून काही कळत नाही.

एक गोष्ट लक्षात घ्या: रेंजचे बॉल बरेचदा कमी जातात, आणि एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका कडक असू शकतो. त्यामुळे येरवड्याला रेंजवर जात असाल तर नव्या बॉलने, त्याच शाफ्टचा क्लब मारून बघूनच पैसे द्या.