‘भागो’ या शब्दाविषयी एक पत्र

प्रिय मैत्रिणीच्या लेकी,

तुझे पत्र मिळाले आणि सोबतचे भित्तिपत्रकही पाहिले. इंदूरच्या ज्या गणिताच्या क्लाससाठी तू ‘गणित से मत भागो, हमारे साथ भागो’ ही ओळ लिहिलीस, त्याच्या मालकांना ती आवडली, परंतु त्यांच्या पत्नीने ‘हे आपल्या दारावर लागणार नाही’ असे सांगितले आणि कारण मात्र सांगितले नाही, म्हणून तू गोंधळून गेली आहेस. कारण त्यांनी सांगितले नाही, कारण तुला ते ठाऊक असणारच असे त्यांना वाटले असेल. तुझे बालपण सांगलीत गेले, म्हणून ते तुला ठाऊक नव्हते, आणि यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटायला हवी ती ओळ कोणाला न ऐकवता थेट चित्रकाराकडे पाठवल्याची.

हिंदीत ‘किसी के साथ भागना’ म्हणजे घर सोडून कोणाबरोबर पळून जाणे. मुलीबाबत ‘भाग गई’ एवढे दोन शब्द उच्चारले तरी मोहल्ल्यात पुढचे काही सांगावे लागत नाही. त्यात तुझ्या चित्रात पाठीवर भरलेली बॅग घेतलेली, हसत पुढे झेपावणारी नववीतली मुलगी आहे आणि तिच्या डोक्यावर ‘हमारे साथ भागो’ असे लिहिलेले आहे. मुलीच्या आईला त्यात गणित कोठेही दिसणार नाही. शिवाय ‘भागो’ हा एकच शब्द तू सर्वांत मोठ्या अक्षरांत घेतला आहेस, आणि क्लासच्या दारावर दुरून फक्त तेवढाच वाचला गेला तर त्याचा अर्थ ‘चालते व्हा’ असा होतो.

हे झाले नको असलेल्या अर्थांविषयी. मला अधिक खटकले ते वेगळेच आहे: तुला हवा असलेला अर्थ त्या ओळीत नाहीच. ‘भागो’ म्हणजे धावा आणि ‘भागो’ म्हणजे भागाकार करा, अशी दुहेरी गंमत आहे असे तू लिहितेस. आपण मराठीत ‘वीसला चारने भागले’ असे म्हणतो, म्हणून तुझ्या कानाला तो भागाकार ऐकू आला. हिंदीत ‘भागना’ या क्रियापदाचा भागाकाराशी संबंध नाही. तेथे ‘भाग देना’ किंवा ‘भाग करना’ असे म्हणावे लागते, म्हणजे गणिताचा अर्थ ‘भाग’ या नामात आहे, क्रियापदात नाही. तुझा श्लेष मराठीत जन्मला आणि हिंदी कपडे घालून इंदूरला गेला. असेच ‘गुण’ या शब्दाचे होते. आपण परीक्षेत गुण मिळवतो, पण हिंदी मुलाला ‘अंक’ किंवा ‘नंबर’ मिळतात, आणि ‘गुण बढ़ाइए’ हे त्याला संस्कारवर्गाचे आमंत्रण वाटते. ‘शिक्षा’ या शब्दाची फसगत तर तू शाळेतच शिकली असशील.

म्हणून मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. श्लेष लिहिणाऱ्याच्या डोक्यात नसतो, ऐकणाऱ्याच्या कानात असतो. ओळ ऐकवल्यावर ‘कळले का?’ असे कधीही विचारू नकोस, ‘काय ऐकलेत?’ एवढेच विचार. ‘कळले का?’ या प्रश्नाला माणूस सौजन्याने ‘हो’ म्हणतो आणि तू फसतेस.

मी फसलो आहे. नागपुरात बसून मी पलीकडच्या मध्य प्रदेशातील गावांसाठी हिंदी पत्रके लिहीत असे. छिंदवाड्याच्या बाजूच्या, मका पिकवणाऱ्या एका गावातील क्लाससाठी मी लिहिले होते: ‘हल निकालना सीखो, वरना हल चलाओगे।’ पहिला हल म्हणजे उत्तर, दुसरा म्हणजे नांगर. भाषेच्या दृष्टीने या ओळीत एकही दोष नाही. दोन्ही अर्थ अस्सल हिंदी आहेत, व्याकरण दोन्हीकडे पूर्ण बसते, आणि आजही मला ती तुझ्या ओळीपेक्षा चांगली वाटते. मालकांनी ती वाचून टाळी दिली होती, हेही येथे नोंदवून ठेवतो. पाच हजार पत्रके छापली गेली आणि आठवडी बाजारात वाटली गेली. बाजारात येणारा, मुलाची फी भरणारा माणूस कोण होता? नांगर चालवणारा. एका गृहस्थांनी पत्रकाची घडी घालून ते वाटणाऱ्या मुलाच्या खिशात परत ठेवले आणि म्हणाले, ‘चलाते हैं, तभी तो फ़ीस देते हैं।’ त्या वर्षी त्या क्लासला माझ्याकडून पुन्हा काही लिहून घ्यावेसे वाटले नाही. मी कितीतरी वर्षे म्हणत राहिलो की चूक वाटपाच्या जागेची होती, शहरात ती ओळ चालली असती. कदाचित चाललीही असती. पण नांगर माझ्या कानाला नुसती वस्तू वाटला, कारण मराठीत मी त्याला ‘हल’ म्हणत नाही. तो शब्द माझ्यासाठी पुस्तकातला होता आणि त्यांच्यासाठी घरातला. मी एका शेतकऱ्याला ती ओळ वाचून दाखवली असती, तर चार आण्यांच्या चहात हे कळले असते.

आता तुझ्या ओळीकडे वळू. ‘भाग’ सोडू नकोस, शब्द चांगला आहे. फक्त तो हिंदीत जेथे खरोखर दुहेरी आहे तेथे पकड. हिंदी शाळेत भागाकाराच्या चार संज्ञा शिकवतात: भाज्य, भाजक, भागफल आणि शेषफल, ज्याला नुसते शेषही म्हणतात. त्यातला ‘भागफल’ फोडून पाहा. तो भागाकाराचे फळ आहे आणि कानाला ‘भागने का फल’ही आहे. संस्कृत परंपरेत शब्द फोडून साधलेल्या श्लेषाला सभंग म्हणतात. तुला त्या नावाची गरज नाही, पण फोडण्याची सवय लाव. या शब्दावरून मी ही ओळ केली:

‘गणित से भागे? भागफल: शून्य। शेष: पूरा डर।’

हिचे गणितही तपासले, कारण गणिताच्या क्लासच्या जाहिरातीत चुकीचे गणित असले तर मुले ते आधी पकडतात. पाचाला आठने भाग दिला तर भागफल शून्य येतो आणि शेष पाचच्या पाच उरतात. भाज्य भाजकापेक्षा लहान असले की असेच होते. तेव्हा भागफल शून्य आणि शेष पूर्ण, हे बरोबर आहे. ‘से भागे’ असल्याने कोण कशापासून पळाले ते स्पष्ट होते. ‘के साथ’ कोठे नाही. ‘भागी’ हे स्त्रीलिंगी रूप मी जाणीवपूर्वक टाळले आणि आज्ञार्थही टाळला, त्यामुळे ‘चालते व्हा’ची शक्यता गेली.

एवढे केल्यावर मी खूश होतो, आणि खूश असतो तेव्हाच मी स्वतःवर विश्वास ठेवत नाही. म्हणून ओळ फोनवर तीन माणसांना ऐकवली, चित्र न दाखवता, एकदाच. आमच्या इमारतीत राहणाऱ्या जबलपूरच्या एक बाई म्हणाल्या, ‘भाग्यफल? कोई ज्योतिषी है क्या?’ वर्तमानपत्रातले ‘राशिफल’ रोज वाचणाऱ्या कानाला ‘फल’ने संपणारा शब्द ज्योतिषाचाच वाटणार, आणि बोलीत ‘भाग’ म्हणजे नशीबही असते, हे मला शब्दकोशातून ठाऊक असूनही सुचले नव्हते. त्यांचा दहावीतला, हिंदी माध्यमाचा मुलगा हसला. त्याच्या इंग्रजी माध्यमातल्या बहिणीला ‘भागफल’ हा शब्दच माहीत नव्हता. तिच्या पुस्तकात तो ‘क्वोशंट’ आहे. ही मर्यादा शब्द बदलून जाणार नाही. तुझ्या क्लासमध्ये मध्य प्रदेश मंडळाच्या हिंदी माध्यमाची मुले अधिक असतील तरच ही ओळ वापर. नसतील तर खुशाल टाकून दे, मला वाईट वाटणार नाही. थोडे वाटेल.

ज्योतिषाची अडचण मांडणीने सुटते. धावणारी मुलगी काढून टाक आणि वहीत करतात तशी भागाकाराची मांडणी फळ्यावर काढलेली दाखव: बाहेर भाजकाच्या जागी ‘गणित’, आत ‘डर’, उत्तराच्या जागी शून्य, आणि खाली उरलेला पुन्हा ‘डर’. मग ‘भागफल’ कोणी ‘भाग्यफल’ वाचणार नाही.

दुसरी अडचण फ्लेक्सच्या दुकानात बसणाऱ्या माझ्या एका ओळखीच्या मुलाने काढली. त्याला मी कागदावर मांडणी पाठवली आणि विचारले, ‘क्या पढ़ा?’ त्याने सलग वाचले: ‘शेष पूरा डर,’ आणि लगेच खाली क्लासचे नाव. भीती आणि क्लास एकमेकांना चिकटले होते. फलक वाचणारा पूर्णविराम वाचत नाही. तो वरून खाली घसरत जातो आणि शेवटच्या शब्दाला नाव जोडतो. म्हणून नावाच्या आधी एक ओळ घातली: ‘आइए, भाग देना सीखें।’ ती ‘आप’च्या आदराने पालकांशी बोलते, आणि गणिताचा अर्थ शेवटी पुन्हा स्वच्छ करते.

तुझे मालक खाली ‘हमारे पास, सब पास’ असे जोडू इच्छितात, असे तू लिहितेस. त्यांना ते सोडायला सांग. ‘पास’चा श्लेष हिंदीत बिनचूक आहे, पण त्याचा दुसरा अर्थ ‘आमच्याकडे आलेले सगळे उत्तीर्ण’ असे आश्वासन होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि यशाची हमी देणारे दावे हा त्यांतला एक मुख्य विषय आहे. ‘ती तर गंमत होती’ असे म्हणून सुटता येईल यावर मी क्लासची फी लावणार नाही. वाचणाऱ्या बापाने तेथे हमी ऐकली असेल, तर तेथे हमी आहे. काय ऐकले, एवढेच विचार.

आता तू इंदूरमध्ये ही ओळ निदान पाच जणांना ऐकव. त्यांत एक मुलीची आई असू दे, आणि ज्या मालकिणीने तुझी पहिली ओळ नाकारली, त्यांना सर्वांत आधी ऐकव. त्या तुझ्या शत्रू नाहीत, त्या तुझ्या सर्वांत चांगल्या परीक्षक आहेत. पाचपैकी दोघांनी तीच चुकीची गोष्ट ऐकली तर समजावत बसू नकोस, ओळ बदल. एकाने ऐकली तर मला कळव, मग आपण वाद घालू. माझे मत ओळ ठेवावी असे असेल, हे आधीच सांगून ठेवतो.

फ्लेक्स छापायला देण्याच्या आदल्या रात्री मला फोन कर. मांडणी पाठवू नकोस, नुसती एकदा वाच.

तुझा,
काका