‘बरं.’ एवढ्यावरून झालेलं भांडण

“मी साधं काही लिहिलं तरी त्याला टोमणा वाटतो आणि त्याचं एका शब्दाचं उत्तर मला तोडून टाकल्यासारखं लागतं. समोर असलो की असं होत नाही. मग चॅटवरच का?”

तुमच्या या प्रश्नाचं उत्तर देताना माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याचं भांडण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोघांना मी तो चॅट उघडायला लावला.

ती : उशीर होईल, मीटिंग लांबलीय.
तो : बरं.
ती : रागावलास?
तो : नाही.
ती : मग एका शब्दात का बोलतोयस?
तो : बरं म्हटलं तरी प्रॉब्लेम?
ती : तुझं नेहमीचंच आहे.
तो : मग लिहूच नकोस.

त्यानंतर दोन दिवस अबोला.

दोघांना एकमेकांचे मेसेज मोठ्याने वाचायला सांगितले, जसे कानात ऐकू आले तसे. तिने ‘बरं’ दार आपटल्यासारखं वाचलं. तोच शब्द त्याने वाचला तेव्हा अगदी सपाट होता. त्या वेळी त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्याने वाचलेलं ‘रागावलास?’ उलटतपासणीसारखं होतं. ती मात्र म्हणाली, “मी घाबरून विचारलं होतं.”

लिहिणाऱ्याला स्वतःचा सूर मनात ऐकू येत असतो, त्यामुळे तो समोरच्यापर्यंतही पोहोचला असं तो धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ क्रुगर, एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ईमेलवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. आपला उपरोध वाचणाऱ्याला कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त निघाला.

“मला तसं म्हणायचंच नव्हतं,” असं तो पुनःपुन्हा सांगत होता आणि ती आणखी दुखावत होती. कारण गैरसमज ‘नाही’पर्यंतच होता. ‘प्रॉब्लेम?’पासून पुढचा राग खरा होता, आणि ‘नेहमीचंच’ हा घावही खराच. म्हणून खुलासा ‘बरं’चा करायचा, आणि माफी ‘लिहूच नकोस’ची मागायची. त्याने तशी मागितली. तिनेही ‘नेहमीचंच’ मागे घेतलं. खुलासा आणि माफी एकाच वाक्यात उरकली, तर माफीसुद्धा सबब वाटते.

पुढच्यासाठी दोघांनी एवढंच ठरवलं : सूर खटकला तर ‘रागावलास?’ न विचारता ‘हे मला तुटक वाटलं, तसंच म्हणायचं होतं का?’ असं लिहायचं. त्यावरच्या उत्तरानेही समाधान झालं नाही, तर टायपिंग बंद. ‘साडेआठला फोन करते’ अशी वेळ सांगून थांबायचं, आणि त्या वेळी खरोखर फोन करायचा. वेळ न सांगता गप्प बसलं, तर तेही शिक्षेसारखंच वाचलं जातं. (इमोजीचा मला फारसा भरवसा नाही; भांडण चालू असताना हसरा चेहराही कुत्सित दिसतो.)

तुम्ही म्हणता, समोरासमोर असं होत नाही. तेव्हा तुम्हालाही हे लागू पडेल. पण फोनवरही तोच तुटक सूर ऐकू आला, तर चॅटला दोष देऊ नका. मग राग कशाचा आहे, हे थेट विचारायला हवं.